दहाव्या दिवसाचे पत्र

हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीची आडत करणारे एक शेठ वयाच्या सहासष्टाव्या वर्षी नांदेडला बायपास शस्त्रक्रिया करून घरी आले, तेव्हा चैत्र सुरू होता आणि नव्या हळदीची आवक वाढू लागली होती. चाळीस वर्षांत या दिवसांत ते दुकानाच्या गादीवर नाहीत, असे कधी झाले नव्हते. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली होती, डॉक्टर समाधानी होते आणि घरात सेवेला माणसे होती. मोबाइलवर शंभराहून अधिक निरोप आले होते. सूनबाई दुपारी ते वाचून दाखवीत. बहुतेकांत हात जोडलेले चित्र, एखादा देवाचा फोटो आणि लवकर बरे व्हा, काळजी घ्या, आता धावपळ पुरे, असे शब्द असत. शेठ ऐकून घेत, मान हलवीत आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहत. तिसऱ्या दिवशी त्यांनी सूनबाईंना सांगितले, ‘आता वाचू नकोस. सगळे एकाच माणसाने लिहिल्यासारखे वाटते.’

गावात त्यांचे एक शाळासोबती आहेत. त्यांचे कापडाचे दुकान आहे आणि दोघांची मैत्री पन्नास वर्षांहून अधिक जुनी आहे. खरे तर त्यांनी पहिल्याच दिवशी भेटीला जायचे. पण त्यांना सर्दी झाली होती. छातीची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाजवळ सर्दी घेऊन जाणे म्हणजे भेटीच्या नावाने खोकला देऊन येणे. खोकल्याची एक उबळसुद्धा अशा रुग्णाला किती महागात पडते, हे ठाऊक असल्याने ते घरीच थांबले आणि कागद घेऊन पत्र लिहावयास बसले.

त्यांनी पहिल्यांदा लिहिलेला मजकूर असा होता : ‘सप्रेम जय जिनेंद्र. तुझ्या शस्त्रक्रियेची बातमी ऐकून मनाला फार मोठा धक्का बसला. रात्रभर झोप लागली नाही. एवढ्या सज्जन माणसावर ही वेळ यावी, हा कर्माचाच खेळ. आता धंद्याची चिंता मुलावर सोपव आणि पूर्ण विश्रांती घे. माझ्या साडूंनाही तीन वर्षांपूर्वी हेच झाले होते. पण पथ्य न पाळल्याने त्यांना पुन्हा दवाखान्यात जावे लागले, म्हणून फार सांभाळ. काहीही लागले तर अर्ध्या रात्री हाक मार. लवकर बरा हो.’

पत्रात खोटे काही नव्हते आणि प्रेमही उणे नव्हते. तरी त्यांच्या पत्नीने ते वाचून परत त्यांच्या हातात दिले. काही वर्षांपूर्वी त्यांची स्वतःची मोठी शस्त्रक्रिया झाली होती, त्यामुळे अंथरुणावर पडून अशी पत्रे ऐकण्याचा अनुभव त्यांना होता. त्या म्हणाल्या, ‘हे पत्र शेठना नाही, त्यांच्या आजाराला लिहिले आहे. शेठ यात कुठे आहेत?’

मग त्यांनी एकेक वाक्य वेगळे करून दाखविले. धक्का बसला आणि झोप लागली नाही, ही लिहिणाऱ्याची हकीकत झाली. ती वाचून आजाऱ्यालाच उलट धीर द्यावा लागतो. कर्माचा खेळ हे वाक्य त्याला आपण काय चुकलो, याचा हिशेब मांडायला लावते. साडूंची गोष्ट त्याला रात्री दोन वाजता आठवते, आणि तीही नेमकी पुन्हा दवाखान्यात जाण्याच्या भागापासून. काही लागले तर सांग, हे म्हणणे सोपे. पण काय लागते ते शोधून, कुणाला सांगायचे ते ठरवून, मग संकोच आवरून हाक मारायची, हे सारे काम त्या वाक्याने आजाऱ्याच्याच अंगावर टाकले. आणि धंदा मुलावर सोपव, हे तर सर्वांत वाईट. शेठ गादीवरून उठले आहेत ते काही आठवड्यांसाठी. या वाक्याने त्यांना कायमचे उठविले.

‘मग तुला त्या वेळी कुणाचे पत्र आवडले होते?’ असे त्यांना विचारले गेले. त्या चटकन म्हणाल्या, ‘नणंदबाईंचे. त्यांनी विचारले होते की, लोणच्याच्या पाच किलो फोडींना मीठ किती घालू. तुमच्या हाताचे प्रमाण कुणालाच येत नाही. दवाखान्याचा एक शब्द नव्हता त्यात. मी पलंगावर बसून मिठाचा हिशेब केला. चार दिवसांत पहिल्यांदा कुणी मला काही विचारले होते. बाकी सगळे मला सांगतच होते.’

साधुसाध्वींना वंदन करताना आपल्याकडे सुखसाता विचारतात. त्या प्रश्नात दुखण्याचे नाव नसते. समाधान आहे ना, एवढेच विचारलेले असते. घरच्या आजाऱ्यापाशी मात्र हीच माणसे पहिला प्रश्न ‘कुठे कापले?’ असा करतात. नणंदबाईंनी मिठाचे प्रमाण विचारून खरे तर साताच विचारली होती.

पत्र पुन्हा लिहिण्यापूर्वी दहाव्या दिवशी शेठच्या शरीरात आणि दिवसात काय चालले आहे, हे जाणून घेणे मित्राला आवश्यक वाटले. त्यांनी शेठच्या मुलाला दूरध्वनी केला. मुलाने जे सांगितले ते बायपास झालेल्या बहुतेक घरांत ऐकू येईल असेच होते. या शस्त्रक्रियेत छातीच्या मधोमध असलेले उरोस्थी नावाचे हाड उभे कापतात आणि काम झाल्यावर पोलादी तारांनी पुन्हा बांधतात. तारा आतच राहतात. हाड सांधायला मात्र साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. तोपर्यंत चार-पाच किलोंपेक्षा जास्त वजन उचलायचे नाही, दार जोराने ढकलायचे नाही, दोन्ही हातांवर भार देऊन पलंगावरून उठायचे नाही, स्कूटर चालवायची नाही. खोकला किंवा शिंक आली तर छातीशी उशी घट्ट धरायची. पायातून रक्तवाहिनी काढलेली असल्याने त्या पायाला थोडी सूज असते. जेवणाची चव गेलेली असते. पाठीवरच झोपावे लागते, म्हणून झोप तुकड्यातुकड्यांनी येते.

याखेरीज तीन रंगीत चेंडूंचे ते प्लॅस्टिकचे यंत्र असते. पुष्कळांना वाटते की त्यात फुंकायचे. फुंकायचे नसते, नळी तोंडात धरून श्वास सावकाश आत ओढायचा असतो, म्हणजे चेंडू वर चढतात आणि फुप्फुसांचे खालचे कोपरे उघडतात. दुखते म्हणून रुग्ण वरवर श्वास घेतो, त्यामुळे तळाशी कफ साठून ताप येण्याची भीती असते. ती या व्यायामाने टळते. जागेपणी दर तासाला दहा वेळा हे करायचे असते. शेठचे दोन चेंडू वर जात होते, तिसरा हलत नव्हता.

आणि मन? मुलगा थोडा थांबून म्हणाला, ‘बाबा बोलत नाहीत. काल टीव्हीवर साधी जाहिरात पाहून डोळ्यांत पाणी आले.’ हेही या शस्त्रक्रियेनंतर पुष्कळदा घडते. दवाखान्यात असताना माणूस लढाईवर असल्यासारखा असतो. घरी आल्यावर, विशेषतः पहिल्या आठवड्यानंतर, मन खाली बसते. नेमक्या त्याच सुमारास भेटायला येणाऱ्यांची रीघ आटते आणि निरोप थांबतात. सगळा आहेर पहिल्या तीन दिवसांत येतो. तेव्हा रुग्ण गुंगीत असतो. दहाव्या दिवशी तो शुद्धीवर असतो आणि दार वाजत नाही. मित्राला एवढे कळले की सर्दीने झालेला उशीर हा उशीर नव्हता. पत्राची खरी वेळ आताच आली होती.

आजारी मित्राशी कोणत्या सुरात बोलावे, याचा एक नोंदलेला प्रसंग शंभर वर्षांपूर्वी महाराष्ट्रातच घडला आहे. १९२२च्या मार्चमध्ये सहा वर्षांची शिक्षा होऊन गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते. १९२४च्या जानेवारीत त्यांना अपेंडिसायटिसचा तीव्र त्रास झाला. १२ जानेवारीला त्यांना पुण्याच्या ससून रुग्णालयात हलविण्यात आले आणि त्याच रात्री कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया करण्याचे ठरविले. गांधीजींनी आपले स्नेही म्हणून ज्यांना बोलावून घेतले, त्यांत भारत सेवक समाजाचे श्रीनिवास शास्त्री होते. शास्त्री नेमस्त पक्षाचे. असहकाराच्या चळवळीला त्यांचा उघड विरोध होता. तरी त्या रात्री पलंगाजवळ तेच होते.

शास्त्रींनी तेथे काय केले, हे पाहण्यासारखे आहे. त्यांनी उपदेश केला नाही आणि गळाही काढला नाही. शस्त्रक्रियेला आपली संमती आहे आणि डॉक्टरांवर आपला पूर्ण विश्वास आहे, असे निवेदन गांधीजींना द्यायचे होते. शास्त्रींनी ते लिहून घेतले आणि वाचून दाखविले. म्हणजे आजाऱ्याला त्या घडीला जे काम करायचे होते, त्यात मित्र लेखनिक झाला. सही करताना गांधीजींचा हात कापला. तेव्हा त्यांनीच हसून कर्नलना म्हटले की पाहा, हात कसा थरथरतो आहे, हे तुम्हाला दुरुस्त करावे लागेल. यावर कर्नल मॅडॉक यांनी, आम्ही तुमच्यात टनांनी ताकद भरू, अशा आशयाचे उत्तर दिले. थट्टा रुग्णाने सुरू केली होती. डॉक्टरांनी ती त्याच सुरात पुढे नेली. काळजी करू नका, असे गंभीर तोंडाने म्हटले असते तर तो कापणारा हात अधिकच कापला असता.

पुढे शस्त्रक्रिया चालू असताना वादळाने वीज गेली, नंतर हातातली बॅटरीही विझली आणि उरलेले काम कंदिलाच्या प्रकाशात पुरे झाले. शस्त्रक्रिया यशस्वी झाली. ५ फेब्रुवारीला सरकारने आजाराच्या कारणावरून त्यांची सुटका केली. दोनच दिवसांनी, ७ फेब्रुवारीला, रुग्णालयातूनच काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष महंमद अली यांना लिहिलेल्या पत्रात गांधीजींनी म्हटले की, आजारामुळे झालेल्या सुटकेचा आपल्याला आनंद नाही; कैद्याचे आजारपण हे त्याला सोडण्याचे कारण होऊ शकत नाही. दयेपोटी मिळालेली सवलत माणसाला आतून कशी टोचते, हे या एका वाक्यात दिसते. मार्चमध्ये ते विश्रांतीसाठी जुहूला नरोत्तम मोरारजी यांच्या बंगल्यात राहावयास गेले. तेथे भेटीला येणारे इतके झाले की त्यांना जाहीर विनंती करावी लागली. आपल्यापाशी शक्तीचे भांडवल फार थोडे आहे आणि ते सेवेच्या कामातच खर्च करायचे आहे, असा तिचा आशय होता.

व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला यातला भांडवल हा शब्द लगेच कळतो. शस्त्रक्रियेनंतरच्या माणसाजवळ रोज सकाळी थोडीशी रक्कम शिल्लक असते. अर्धा तास बसून राहणारा पाहुणा ती उचलून नेतो. लांबलचक उत्तर मागणारे पत्रही तिला हात घालते. चांगले पत्र काही जमा करून जाते आणि मागत मात्र अगदी थोडे. तेही आजाऱ्याला द्यावेसे वाटेल असे.

मित्राने जुना कागद बाजूला ठेवला. सकाळी ते मोंढ्यात गेले, शेठच्या दुकानाशी थांबले, मुलाशी चार शब्द बोलले आणि एका पोत्यातून हळदीची एक कांडी उचलून घरी आले. दुसरे पत्र असे होते :

‘प्रिय शेठ, सप्रेम जय जिनेंद्र.

मला सर्दी झाली आहे, म्हणून ती जाईपर्यंत तुझ्या उंबऱ्याशी येणार नाही. तोवर कागदावर भागव.

सोबत एका कांडीचे दोन तुकडे आहेत. सेनगावकडचा माल आहे. शेतकरी म्हणतो पुरता वाळला आहे. तुझा मुलगा म्हणतो अजून ऊन हवे. मला कापडाखेरीज काही कळत नाही. कांडी मोडूनच पाठविली आहे, कारण तुला छातीवर जोर देण्याची मनाई आहे. मोडताना झालेला आवाज मी कान देऊन ऐकून ठेवला : कडकन नाही, जरा दबका. रंग तू पाहा.

तुझ्या गादीवर मुलगा बसतो, पण लोडाला टेकत नाही. लोड बाबांचा आहे, म्हणतो. पाठ दुखेल त्याची.

तीन चेंडूंची हकीकत कळली. शाळेत कबड्डीत तुझा दम मधल्या रेषेपर्यंतही पुरत नसे, हे मी कुणाला सांगितलेले नाही. तिसरा चेंडू वर जाईल त्या दिवशी तेही विसरून जाईन.

उत्तर लिहू नकोस. किती उन्हे हवीत, एवढे मुलाला सांग. पुढचे पत्र शनिवारी.

तुझा कापडवाला’

या पत्रात आजाराची विचारपूस जवळजवळ नाही. परंतु आजार लिहिणाऱ्याला पुरता ठाऊक आहे, हे मोडून पाठविलेल्या कांडीवरून कळते. शेठना जे करता येत नव्हते ते मित्राने आधीच करून ठेवले आणि जे करता येत होते तेवढेच मागितले. थट्टा आहे, पण ती जखमेची, पथ्याची किंवा वयाची नाही; पंचावन्न वर्षांपूर्वीच्या कबड्डीची आहे, आणि ती करण्याचा अधिकार फक्त त्या खेळातल्या गड्यालाच असतो. लोडाचे वाक्य वाचून जागा राखून ठेवलेली आहे, हे शेठना समजते. त्यासाठी तुम्ही लवकरच परत याल, असे आश्वासन द्यावे लागत नाही. उत्तराची सक्ती नाही. आणि पुढचे पत्र केव्हा येईल, हे सांगितलेले आहे. ज्याचे सगळे दिवस एकसारखे झाले आहेत, त्याला शनिवार हा एक निराळा वार मिळाला.

सूनबाईंनी पत्र संध्याकाळच्या जेवणाआधी वाचून दाखविले. शेठनी तुकडे हातात घेतले, खिडकीच्या उजेडात धरून मोडलेल्या बाजूचा रंग पाहिला, नखाने थोडे खरवडले आणि वास घेतला. मध्यभागी रंग अजून ओलसर, गडद दिसत होता. मुलगा दुकान बंद करून आला तेव्हा ते म्हणाले, ‘तीन उन्हे. आणि त्याला सांग, ढीग उलटापालटा करीत जा. वरची वाळते, खालची तशीच राहते.’ मग त्यांनी त्या दिवशीचा भाव विचारला. घरातल्यांनी भाव त्यांच्यापासून लपवून ठेवला होता. डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केली होती, भाव ऐकायला केली नव्हती. दोन्ही मनाया घरच्यांनी एकच समजल्या होत्या. त्या दिवसापासून मुलगा रोज जेवणापूर्वी दहा मिनिटे आवक, सौदे आणि कुणाचा माल कसा होता, हे सांगू लागला. दहा मिनिटांवर मात्र सूनबाई घड्याळ दाखवीत.

शनिवारच्या पत्रात थोडी गडबड झाली. मित्राने एका गिऱ्हाइकाची गोष्ट लिहिली. त्याने लग्नासाठी पागोट्याचे कापड नेले, घरी पुन्हा मोजले आणि एक वीत कमी भरले म्हणून स्वतःच्या डोक्याचा घेर दोरीने मोजून ती दोरी दुकानात आणून दिली. शेठ मोकळेपणाने हसले आणि हसताना छातीत अशी कळ आली की चेहरा पांढरा झाला. घरात धावपळ झाली. दवाखान्यात दूरध्वनी केल्यावर समजले की हसण्याने दुखते, पण साध्या हसण्याने तारा सैल होत नाहीत. खोकताना धरतात तशीच उशी हसतानाही धरावी. कळ क्षणभराची असेल तर घाबरायचे नाही. हाड हलल्यासारखे किंवा टक्कन वाजल्यासारखे वाटले, जखमेतून पाणी किंवा पू आला, ताप चढला, धाप वाढली किंवा पायाची सूज एकाएकी वाढली, तर मात्र पत्र बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांकडे जायचे. पुढच्या पत्राची पहिली ओळ होती, ‘आधी उशी घे. घेतलीस? मग खालचे वाच.’

चौथ्या आठवड्यात पत्रांची मर्यादाही कळून आली. एका पत्राचे उत्तर आले नाही. सूनबाईंनी सांगितले की, शेठ पत्र ऐकतात, पण त्यांचे लक्ष नसते. भाव विचारणे थांबले आहे, पहाटे तीनला उठून बसतात, जेवण अर्ध्यावर सोडतात आणि असे जवळजवळ दोन आठवडे चालले आहे. मित्राने त्या वेळी अधिक गमतीचे पत्र लिहिण्याचा मोह टाळला. विनोदाने उतरणारी उदासी आणि औषधोपचार मागणारी उदासी यांत फरक असतो, आणि तो ओळखायची खूण अशी की पहिली येते-जाते, दुसरी दोन आठवडे हलत नाही. त्यांनी मुलाला सांगितले की पुढच्या तपासणीत छातीबरोबर हेही डॉक्टरांना सांगा. लाजण्यासारखे त्यात काही नाही. डॉक्टरांना नवल वाटले नाही. त्यांनी झोपेची आणि औषधांची विचारपूस केली, काही बदल केले, सकाळ-संध्याकाळ ठरावीक मिनिटे चालण्याचा क्रम बांधून दिला आणि पुढे पाहू, असे सांगितले. त्या आठवड्यात मित्राचे पत्र दोनच ओळींचे होते : ‘सर्दी गेली. रोज साडेसहाला फाटकाशी उभा राहीन. बोलायचे नाही, चालायचे.’

ते तसे उभे राहिले. पहिल्या दिवशी दोघे गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परतले. पुढे अंतर वाढत गेले, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी शेठनीच विचारले की, त्या सेनगावच्या मालाला अखेर भाव काय मिळाला. त्याच आठवड्यात केव्हातरी तिसरा चेंडू वर गेला. ठरल्याप्रमाणे मित्र कबड्डी विसरले. निदान तसे त्यांनी जाहीर केले.

आठ आठवडे पूर्ण झाल्यावर डॉक्टरांच्या परवानगीने शेठ रोज तासभर दुकानात बसू लागले. चेक लिहिण्याइतकाही हात चालवू नकोस, अशी तंबी देणाऱ्या मित्राला त्यांनी त्याच आठवड्यात स्वतःच्या हाताने पहिले उत्तर पाठविले. ते दुकानाच्या छापील पट्टीवर लिहिलेले होते. मालाच्या रकान्यात ‘पत्रे, नग सात, प्रत उत्तम, एकात विनोद जास्त भरला’ असे होते. खाली कपातींत आडत लावली होती, तोलाई लावली होती. हमालीच्या पुढे मात्र शून्य घालून शेरा मारला होता, ‘ओझे उचलण्यास मनाई असल्याने.’ देय रकमेच्या जागी लिहिले होते : ‘बाकी जमा ठेवली आहे. तुला काही झाले, तर व्याजासह फेडीन. पण घाई करू नकोस.’